‘पोट साफ होत नाही’ म्हणजे नेमकं काय? डॉक्टरांना दाखवायची दोन आठवड्यांची वही

पोटविकारांच्या ओपीडीत आहारतज्ज्ञ म्हणून बसते तेव्हा ‘पोट साफ होत नाही’ हे वाक्य रोज दहा वेळा तरी कानावर पडतं. थोडं खोदून विचारलं की प्रत्येकाचा अर्थ वेगळा निघतो. एकाला तीन-तीन दिवस शौचाला होतच नाही. दुसऱ्याला रोज होते, पण खडा, आणि घाम फुटेपर्यंत कुंथावं लागतं. तिसरी बाई रोज दोनदा जाते, मळही मऊ असतो, तरी आत काही राहिलंय असं वाटून पुन्हा पुन्हा संडासात जाऊन बसते. चौथ्या आजोबांना सकाळी एकदा व्यवस्थित होते, पण पूर्वी दोनदा व्हायची म्हणून ते बेचैन असतात. या चौघांचे उपचार वेगवेगळे आहेत. चौथ्यांना तर बहुधा उपचार नकोतच, कारण दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा यातलं काहीही निरोगी माणसात चालतं.

डॉक्टरांसमोर बसल्यावर मात्र चौघंही तेच एक वाक्य बोलतात. ‘कधीपासून? दिवसातून किती वेळा? कसं होतं?’ या प्रश्नांना ‘असंच, कधी कसं कधी कसं’ असं उत्तर मिळतं. दोष त्यांचा नाही. आठ दिवसांपूर्वी शौचाला किती वाजता गेलो होतो, हे कोणाच्या लक्षात राहतं? म्हणून दोन आठवड्यांची एक साधी वही. आपल्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहायची सवय जुनी आहे. दूधवाला कोणत्या दिवशी आला नाही, कधी अर्धा लिटर जास्त घेतलं, हे आपण आठवणीवर सोडत नाही. इथेही तेच करायचं आहे.

आधी एक थांबा

काही तक्रारी असतील तर वही लिहीत बसू नका, आधी दाखवून घ्या. शौचातून रक्त जाणं, डांबरासारखा काळा चिकट मळ, काही न करता वजन उतरणं, संध्याकाळी येणारा ताप, जुलाबासाठी किंवा दुखण्यामुळे रात्री झोपेतून उठावं लागणं, रक्त कमी असल्याचा रिपोर्ट, किंवा पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच बदललेली पोटाची सवय, यांपैकी काहीही असलं तरी दोन आठवडे थांबायचं नाही. जवळच्या नात्यात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल तर तेही लगेच सांगा. आणि पोट फुगलंय, उलट्या होताहेत, शौच नाही आणि गॅसही सरत नाही, अशी अवस्था असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा. तिथे आतडं अडलेलं असू शकतं.

रक्ताबद्दल वेगळं सांगते, कारण ‘मूळव्याध आहे हो, जुनीच’ म्हणत लोक वर्षानुवर्षं ते अंगावर काढतात. मूळव्याध असेलही, पण ते तपासून ठरवायचं असतं. आतड्याचा क्षय, आतड्याची सूज, कर्करोग यांतलं काहीच कोणत्याही वहीतून ओळखता येत नाही. हे दुखणं कोणत्या रीतीने वागतं, एवढंच वही सांगते.

वहीची मांडणी: डावं पान आत, उजवं पान बाहेर

साधी शंभर पानी वही घ्या. ती उघडल्यावर समोर दिसणारी दोन पानं म्हणजे एक दिवस. डाव्या पानावर तोंडातून आत गेलेलं सगळं लिहायचं: खाणं, पिणं, औषधं. उजव्या पानावर बाहेर आलेलं आणि जाणवलेलं: शौच, दुखणं, पोट फुगणं. दोन्हीकडे वेळ लिहायची. वरच्या कोपऱ्यात तारीख, वार, आणि बायकांनी पाळीचा कितवा दिवस तेही. पाळी सुरू होताना अनेकींना पातळ होते, ओटीपोटात कळा येतात. तो दिवस टिपलेला नसला की त्याचं खापर आदल्या दिवशीच्या भेळेवर फुटतं. पाळीशी संबंध वाटत असेल तर दोनऐवजी चार आठवडे लिहा, म्हणजे एक पूर्ण चक्र हाती येईल.

एका गोष्टीचा माझा आग्रह आहे: कारणं लिहू नका. ‘वांग्यामुळे पोट बिघडलं’ हे वहीत नको. डावीकडे ‘दुपारी १:३०, वांग्याची भाजी १ वाटी’ आणि उजवीकडे ‘संध्याकाळी ६, पातळ’ एवढंच हवं. कारण एकदा लिहिलं की पुढच्या वेळी वांगं खाल्ल्यावर तुम्ही पोटाकडेच लक्ष देऊन बसता, आणि बरं गेलेल्या दिवसाची नोंद मात्र करत नाही.

दुसरी अडचण रात्री आठवून लिहिण्याची. झोपताना बसून दिवस आठवला की चार वाजताचा चहा, टेबलावरचे दोन पेढे, घाईत घेतलेली गोळी गळून जाते. वही जवळ नसेल तर मोबाइलवर स्वतःलाच एक ओळीचा मेसेज टाका आणि घरी आल्यावर उतरवून घ्या. उजव्या पानासाठी माझी एक रुग्ण संडासाच्या दाराशी सुतळीने पेन्सिल बांधून ठेवायची, शेजारी खिळ्याला अडकवलेला कागद. तिच्या नोंदीत एकही वेळ चुकली नव्हती.

मळाचा प्रकार: एक ते सात

ज्या गोष्टीची सगळ्यांना लाज वाटते तिचीच डॉक्टरांना सगळ्यात जास्त गरज असते. ‘कडक’, ‘चिकट’, ‘पातळ’ हे शब्द प्रत्येक जण आपल्या मापाने वापरतो. म्हणून इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी मळाच्या आकारावरून सात प्रकार ठरवले. १९९७ साली त्यांनी हेही दाखवलं की अन्न आतड्यातून किती वेगाने पुढे सरकतं याचा अंदाज या आकारावरून येतो. आज जगभरचे पोटविकारतज्ज्ञ ‘ब्रिस्टल तक्ता’ म्हणून तो वापरतात. आपल्या शब्दांत तो असा:

१ – सुटे, कडक खडे, शेळीच्या लेंड्यांसारखे.
२ – लेंड्या एकत्र दाबून केल्यासारखा जाड, गाठीगाठींचा.
३ – लांबट, पण वर भेगा पडलेल्या.
४ – लांबट, मऊ, गुळगुळीत, सहज निघतो.
५ – मऊ सुटे गोळे, कडा स्पष्ट.
६ – फाटक्या कडांचा लगदा, पातळ शेणासारखा.
७ – नुसतं पाणी, घट्ट काही नाही.

१ आणि २ म्हणजे मळ आतड्यात जास्त वेळ राहून त्यातलं पाणी शोषलं गेलं. ३ आणि ४ ठीक. ५ सैलसर, ६ आणि ७ म्हणजे मळ घाईने बाहेर आला. एकाच वेळी आधी खडा आणि मागून पातळ आलं तर ‘२, मग ६’ असं दोन्ही लिहा, सरासरी काढू नका. कमोडमध्ये मऊ मळ पाण्यात विरघळायला लागतो, म्हणून उठल्याबरोबर, फ्लश करण्याआधी बघायचं.

आकड्यासोबत तीन गोष्टींना एकेक अक्षर पुरेसं आहे. कुंथावं लागलं तर ‘कुं’, धावत जावं लागलं तर ‘घा’, राहिल्यासारखं वाटलं तर ‘रा’. आव पडली तर ‘आव’, रक्त दिसलं तर ‘रक्त’ पूर्ण लिहा, आणि ते मळात मिसळलेलं होतं, वर लागलेलं होतं की नुसतं थेंबथेंब पडलं, तेही. काही वेगळं दिसलं तर फोटो काढून ठेवायला हरकत नाही. डॉक्टरांना त्यात काही वावगं वाटत नाही. उलट ‘काळा म्हणजे किती काळा’ हा प्रश्न मिटतो.

ही अक्षरं का लागतात ते त्या तिसऱ्या बाईंवरून कळेल. आकडा रोज ४, पण प्रत्येक नोंदीला ‘कुं’ आणि ‘रा’, बसण्याचा वेळ पंचवीस मिनिटं. मळ मऊ असूनही बाहेर येत नसेल तर अडचण आतड्याच्या वेगाची नाही. जोर करताना गुदद्वाराचे स्नायू सैल पडण्याऐवजी आवळले जात असतील, अशी शंका डॉक्टरांना येते. त्याची तपासणी बोटाने होते, लागली तर दाब मोजूनही. इलाज असतो स्नायूंना पुन्हा शिकवण्याचा. तिथे आणखी जुलाबाचं औषध देऊन फक्त पातळ होईल, राहिल्यासारखं वाटणं जाणार नाही.

घरातल्या वृद्ध माणसाची वही तुम्ही लिहीत असाल तर एक चित्र ध्यानात ठेवा: बरेच दिवस नीट झालेली नाही, आणि अचानक कपड्यात थोडंथोडं ७ नंबरचं येतंय. घरचे याला जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी देतात. खरं तर खाली मोठा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ झिरपत असतं. गोळीने ते आणखी अडतं. असं दिसलं की गोळी न देता डॉक्टरांना दाखवा.

डावं पान: वाट्या, कप आणि तांब्या

वजनकाटा लागत नाही. पोळ्या मोजून, भाजी-आमटी वाटीने, भात वाढण्याच्या चमच्याने. लिहिताना काही गोष्टींचा उल्लेख मुद्दाम हवा: दूध आणि दुधाचे पदार्थ, कडधान्यं, कांदा-लसणाचं प्रमाण जास्त असलेलं काही, फळं, बाहेरचं खाणं, उपवास. उपवासाचा दिवस तर ठळक लिहा. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं, राजगिऱ्याचा लाडू असा तो दिवस रोजच्या पोळीभाजीपेक्षा अगदी निराळा असतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या पानावर त्याचा पडसाद दिसू शकतो. साखर नसलेल्या चघळायच्या गोळ्या आणि च्युइंगमही लिहा. त्यातल्या काही गोड पदार्थांनी पातळ होते.

पिण्यासाठी एक काम पहिल्याच दिवशी उरकून घ्या. एक लिटरच्या बाटलीतलं पाणी तुमच्या रोजच्या तांब्यात, पेल्यात, चहाच्या कपात ओतून बघा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा: पेला २०० मिलि, कप १०० मिलि, जे निघेल ते. पुढे नुसतं ‘पेला १’ लिहिलं की झालं. चहात दूध किती, हेही एकदाच. अर्ध्या दुधाचे पाच कप म्हणजे दिवसाचं पाव लिटर दूध, आणि विचारलं तर माणूस प्रामाणिकपणे सांगतो, ‘मी दूध घेतच नाही.’ तरीही चहातल्या दुधावर लगेच संशय घेऊ नका. दुधातली साखर न पचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती थोडीथोडी, दिवसभर विभागून चालते. एकदम मोठा पेलाभर रिकाम्या पोटी घेतला की त्रास होतो. म्हणून किती घेतलं, यासोबत एका वेळी किती घेतलं हेही लिहा.

पाण्याबद्दल एक गैरसमज आहे की जितकं जास्त प्यावं तितका मळ मऊ होतो. मुळातच कमी पिणाऱ्याला फायदा होतो. पुरेसं पिणाऱ्याने आणखी दोन लिटर रिचवले तर ते बहुतेक लघवीवाटे जातात. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाण्यावर बंधन असेल, तर वही बघून पाणी मनाने वाढवू नका.

आणि औषधं. इथे सगळ्यात जास्त गळती होते, कारण चूर्ण, काढा, एरंडेल, इसबगोल, त्रिफळा यांना आपण औषध समजतच नाही. ते सगळं लिहायचं, चमच्याच्या मापाने. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळसर होतो आणि अनेकांना खडाही धरतो. मधुमेहासाठीच्या मेटफॉर्मिनने सैल होऊ शकतं. मॅग्नेशियम असलेल्या अॅसिडिटीच्या औषधाने पातळ, अॅल्युमिनियम किंवा कॅल्शियमवाल्याने घट्ट. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकांनी आतडं मंदावतं. अँटिबायोटिक गेल्या महिन्यात घेतलं असेल तर तेही पहिल्या पानावर नोंदवा. वाचून संशय आला तरी डॉक्टरांनी दिलेली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करायची नाही. वही तशीच घेऊन जायची.

दुखणं: कुठे, केव्हा, शौचानंतर काय

‘पोटात दुखतं’ याला जागा द्या. पोटावर फुली-गोळ्याच्या खेळासारखी नऊ घरं कल्पा, मधल्या घरात बेंबी. डॉक्टरही पोटाचे असेच नऊ भाग करतात. वहीच्या शेवटच्या पानावर ती चौकट काढून घरांना १ ते ९ आकडे द्या आणि रोज फक्त घराचा आकडा लिहा. तीव्रतेसाठी ० ते १० मोजा, पण आकड्यांना अर्थ आधी ठरवून: ३ म्हणजे दुखतंय पण काम चालू आहे, ६ म्हणजे काम बाजूला ठेवावं लागलं, ९ म्हणजे पोट धरून आडवं व्हावं लागलं. सुरू कधी झालं, थांबलं कधी. कळ, मुरडा, जळजळ, गच्चपणा यातला जो शब्द तोंडात येईल तोच लिहा.

शेवटची आणि मोलाची नोंद: शौचाला जाऊन आल्यावर दुखणं कमी झालं, वाढलं की तसंच राहिलं. बाणाने दाखवा, ↓ ↑ किंवा =. आतड्याच्या चिडखोरपणाचं, म्हणजे आयबीएसचं, निदान करताना डॉक्टर हेच बघतात. जगभरच्या पोटविकारतज्ज्ञांनी ठरवलेल्या, २०१६ सालच्या ‘रोम’ निकषांप्रमाणे गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोट दुखायला हवं, त्रास किमान सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेला हवा, आणि दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या संख्येशी किंवा मळाच्या प्रकाराशी, यांपैकी किमान दोन गोष्टींशी संबंध हवा. तुमची उजवी पानं दुखण्याचे दिवस मोजून देतात आणि तो संबंधही दाखवतात. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं, बाकीचे आजार वगळून.

एक वही, चौदा दिवस

डोंबिवलीहून रोज मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या, एक्केचाळीस वर्षांच्या एका बाईंची वही सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तक्रार सहा वर्षांची: ‘पोट साफ होत नाही, कधी खडा तर कधी जुलाब, मुरडा येतो.’ सोनोग्राफी होऊन गेली होती, दुधापासून वांग्यापर्यंत अर्धा डझन पदार्थ बंद करून झाले होते. मी त्यांना वही दिली आणि सांगितलं, खाणं बदलू नका, नेहमीसारखंच वागा.

पहिल्या आठवड्याचं उजवं पान असं होतं. सोमवार, मंगळवार काही नाही. बुधवारी सकाळी ६:५०, प्रकार १, कुं, रा. गुरुवारी नाही. शुक्रवारी रात्री ९:३०, प्रकार २, कुं. शनिवारी नाही. रविवारी पहाटे ५:४० ला ५, मग ७:१० ला ६, ९ वाजता ७, ११:३० ला पुन्हा ७; प्रत्येक वेळी आधी मुरडा, तीव्रता ६, नंतर ↓. दुसऱ्या आठवड्यात सोमवार ते बुधवार कोरे, बुधवारी संध्याकाळी पोट डब्ब आणि दुखणं ४. गुरुवारी सकाळी प्रकार १. शनिवारी सकाळी २. रविवारी तीनदा, ६, ७, ७.

नुसतं उजवं पान वाचलं तर ‘कधी खडा, कधी जुलाब’ अगदी खरं. डावं पान उघडल्यावर दोन्ही शनिवारी रात्री १० वाजता एक ओळ सापडली: ‘चूर्ण २ चमचे’. त्यांनी ती नोंद केली, कारण मी चूर्ण लिहायला बजावलं होतं. आधी कोणत्याच डॉक्टरांना त्यांनी ते सांगितलं नव्हतं. ‘आठवड्यातून एकदा पोट धुऊन काढायला’ त्या ते घेत होत्या, आईनेही आयुष्यभर घेतलं म्हणून. डबी आणायला सांगितली, तिच्यावर सोनामुखी छापलेली होती. सोनामुखी साधारण सहा ते बारा तासांत काम करते, मोठं आतडं जोरात आवळून. पहाटे ५:४० आणि तो मुरडा, दोन्हींचा हिशोब लागला.

मग मोजलं. चौदा दिवसांत एकूण अकरा वेळा शौच. त्यातले सात चूर्णानंतरच्या चौदा तासांतले. आपणहून झालेले फक्त चार, आणि चारही प्रकार १ किंवा २. म्हणजे त्यांना जुलाब नव्हतेच. त्यांना बद्धकोष्ठता होती, आणि दर रविवारी औषधाने आणलेला जुलाब. सोमवारपासूनचे कोरे दिवस बघून त्या दर वेळी घाबरत, पण रिकामं झालेलं आतडं भरायलाच दोन-तीन दिवस लागतात. त्या भीतीतून पुढच्या शनिवारचं चूर्ण येत होतं. आतड्याचा मूळ स्वभाव ओळखायचा तर औषधाने घडवलेले दिवस बाजूला काढावे लागतात, नाहीतर ‘मिश्र प्रकार’ असा शिक्का बसतो आणि उपचार भलतीकडे जातात.

डाव्या पानाने आणखी दोन गोष्टी दाखवल्या. कामाच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी ४ एवढ्या वेळात त्यांच्या पोटात दोन कप चहा आणि एखादा पेला पाणी एवढंच जात होतं. विचारल्यावर म्हणाल्या, ‘ऑफिसातल्या बाथरूममध्ये जायची किळस येते, म्हणून पीतच नाही.’ आणि ६:३० च्या चहानंतर जवळजवळ रोज समासात एक बारीक नोंद होती: ‘आल्यासारखं वाटलं, गाडीची वेळ.’ सकाळी काही पोटात गेलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करतं. दिवसातली ही त्याची सगळ्यात जोरकस वेळ. ती लाट त्या रोज लोकलसाठी दाबत होत्या, आणि दाबली की ती ओसरते. अकरा वाजता पुन्हा येईल अशी खात्री नसते.

डॉक्टरांनी तपासणी केली, थायरॉइड आणि रक्ताच्या चाचण्या करून घेतल्या, त्या ठीक आल्या. साप्ताहिक चूर्ण थांबवून रोज रात्री इसबगोल दिला, भरपूर पाण्याबरोबर, कारण कमी पाण्यात इसबगोल उलट अडकू शकतो. चहा वीस मिनिटं अलीकडे आणला, गाडी तीच ठेवली. पहिले आठ-दहा दिवस पोट फुगल्याची तक्रार होती आणि चूर्णाची आठवणही येत होती. फरक दिसायला तीन आठवडे गेले.

कोणत्या घासाचा हा मळ?

ओपीडीत सगळ्यात जास्त वाद मी या मुद्द्यावर घालते. जेवण १:३० ला, पातळ १:५० ला. लोक म्हणतात, ‘जेवण खाल्लं आणि तसंच बाहेर आलं.’ ते तसं येत नाही. जेवणाने आतड्याला हालचालीची हाक दिली, पण बाहेर आलं ते बहुधा काल-परवाचं. तोंडापासून बाहेरपर्यंत अन्नाला साधारण एक ते तीन दिवस लागतात, माणसागणिक कमीजास्त. स्वतःचा वेळ बघायचा असेल तर एके दिवशी जेवणात मक्याचे दाणे खा, नीट न चावता चार-पाच तसेच गिळा, आणि वेळ लिहा. दाण्यांची सालं पचत नाहीत, ती दिसतील तेव्हा पुन्हा वेळ लिहा. बीटनेही कळतं, पण लाल रंग बघून लोक घाबरतात, म्हणून मी मका सांगते.

गॅस, गुडगुड आणि कळ मात्र त्याच जेवणाची असू शकते. दूध न पचणाऱ्याला पेलाभर दुधानंतर अर्ध्या ते दोन तासांत पोट फुगून येतं, आणि त्याला त्याच दिवशी पातळही होऊ शकतं. तेव्हा एखाद्या पदार्थावर बोट ठेवण्याआधी वहीत तो कमीत कमी तीनदा सापडला पाहिजे, तिन्ही वेळा साधारण तेवढ्याच तासांनी तोच त्रास, आणि तो न खाल्लेल्या दिवशी त्रास नाही. एका प्रसंगावरून गहू, दूध, डाळ सगळं सोडून निव्वळ भात-तुपावर आलेली माणसं मी बघितली आहेत. पोट तसंच राहतं आणि अशक्तपणा वाढतो. विशेषतः गव्हाची तपासणी, म्हणजे गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते त्या सीलिअॅक आजारासाठीची, व्हायची असेल तर ती होईपर्यंत गहू खात राहावा लागतो, नाहीतर रिपोर्ट खोटा चांगला येऊ शकतो.

डॉक्टरांकडे नेताना

गर्दीच्या ओपीडीत तुमच्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात. त्यात अठ्ठावीस पानं कोणी वाचणार नाही. आदल्या रात्री वहीच्या पहिल्या पानावर एवढं उतरवून ठेवा: किती दिवस लिहिलं, एकूण किती वेळा शौच, त्यात प्रकार १-२ किती, ३-४-५ किती, ६-७ किती. एकही शौच नसलेले दिवस किती. दुखण्याचे दिवस किती, बहुतेक कोणत्या घरात, शौचानंतर ↓ किती वेळा. चालू असलेली सगळी औषधं, घरगुती धरून. आणि खाली तुमचा एकच प्रश्न. त्या डोंबिवलीच्या बाईंचं पान असं झालं असतं: ‘१४ दिवस. ११ वेळा: १-२ चार, ५ एक, ६-७ सहा. कोरे दिवस ८. ५ ते ७ सगळे चूर्णानंतर. चूर्णाशिवाय रोज कसं होईल?’ औषधांच्या पट्ट्या आणि डब्या एका पिशवीत घालून न्या. नावं आठवण्यापेक्षा ते सोपं पडतं.

दोन आठवड्यांनंतर लिहिणं थांबवा, हेही तितकंच ठामपणे सांगते. महिनोन्महिने लिहिणारी माणसं प्रत्येक गुडगुडीची वाट बघायला लागतात, आणि आतड्याला मेंदूचं हे सततचं लक्ष मानवत नाही. ज्यांना खाण्याच्या मोजमापाचाच त्रास झालेला आहे, उपाशी राहण्याच्या किंवा उलट्या काढण्याच्या सवयीतून जे बाहेर पडले आहेत, त्यांनी डावं पान कोरं ठेवून फक्त औषधं लिहावीत आणि डॉक्टरांना तसं सांगावं.

उपचार बदलले की चार आठवड्यांनी एक आठवड्याची छोटी वही पुरते. तेव्हा खाणं लिहायची गरज नाही. वेळ, प्रकाराचा आकडा, ती तीन अक्षरं, दुखणं आणि औषध. त्या बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा आठ दिवसांचं असं एकच पान होतं. पाच वेळा शौच, त्यात ३ दोनदा, ४ दोनदा, २ एकदा. रविवारच्या रकान्यात ६:४५, ४. शेजारी एकही अक्षर नव्हतं.